रोलँड-मॉरिस प्रश्नावलीचा मराठी तर्जुमा : पडताळणीच्या प्रकल्प नोंदी

३ जून

आमच्या फिजिओथेरपी विभागात कंबरदुखीच्या रुग्णांकडून जी मराठी प्रश्नावली भरून घेतली जाते, ती रोलँड-मॉरिस प्रश्नावलीचा तर्जुमा आहे. तो कोणी केला, किती जणांनी तपासला आणि रुग्णांवर आधी करून पाहिला का, याची कसलीही नोंद विभागात नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध याच कागदावरच्या गुणांवर उभे राहतात, म्हणून या वर्षी नवे काही मोजण्याआधी हे मोजमापच तपासायचे ठरले. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळाली आहे. मूळ प्रश्नावली लेखकांनी सर्वांना विनामूल्य वापरासाठी खुली ठेवली असल्यामुळे परवान्याचा प्रश्न नाही.

प्रश्नावलीची जडणघडण लक्षात घेतल्याशिवाय पुढच्या अडचणी समजणार नाहीत, म्हणून ती इथे एकदा लिहून ठेवतो. रोलँड आणि मॉरिस यांनी ती १९८३ मध्ये ‘स्पाइन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ‘सिकनेस इम्पॅक्ट प्रोफाइल’ या १३६ विधानांच्या सर्वसाधारण प्रश्नावलीतून त्यांनी २४ विधाने निवडली आणि त्यांना ‘माझ्या पाठीमुळे’ अशा अर्थाची जोड दिली. रुग्णाने आजच्या दिवसाचा विचार करून जे विधान आपल्याला लागू पडते त्यावर खूण करायची आणि जे पडत नाही ते कोरे सोडायचे, एवढीच तिची रीत आहे. खुणांची बेरीज म्हणजे गुण. शून्य म्हणजे काहीच अडचण नाही आणि २४ म्हणजे पराकोटीची अडचण. कोऱ्या जागेचा अर्थ ‘मला हा त्रास नाही’ असाच धरला जातो, हे या गुणांकनातले सगळ्यांत महत्त्वाचे गृहीतक आहे.

पद्धत म्हणून बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलेले टप्पे पाळणार आहोत : दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा मेळ, दोन उलट भाषांतरे, तज्ज्ञ समिती, आणि तीस ते चाळीस रुग्णांवर पूर्वचाचणी. विभागातला जुना तर्जुमा बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करायची, आणि प्रत्येक टप्प्यावर जुन्या मजकुराशी ताडून पाहायचे.

१० जून

दोन्ही भाषांतरे हाती आली. एक आमच्याच क्षेत्रातल्या सहकारी मॅडमनी केले आहे, ज्यांना प्रश्नावली काय मोजते हे माहीत आहे. दुसरे एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षकांनी केले आहे. त्यांना हेतू सांगितलेला नव्हता आणि वैद्यकाशी त्यांचा संबंध नाही. हा फरक मुद्दाम राखायचा असतो, कारण जाणकार माणूस नकळत आपल्या दवाखान्याची भाषा लिहितो आणि अनभिज्ञ माणूस घरात बोलली जाणारी.

इथे मात्र उलटे घडलेले दिसते. शिक्षकांनी सर्वत्र ‘पाठ’ लिहिले आहे, कारण मूळ शब्दाला शाळेत शिकवला जाणारा प्रतिशब्द तोच. मॅडमनी ‘कंबर’ लिहिले आहे, कारण त्यांच्यासमोर रोज बसणारा रुग्ण कंबर धरून येतो. विभागातल्या जुन्या कागदावर ‘पाठ’ आहे.

१८ जून

दोन्ही भाषांतरांचा मेळ घालायला बैठक झाली. बहुतेक विधानांवर फारशी चर्चा लागली नाही. दोन गोष्टींवर मात्र वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

पहिली गोष्ट लिंगाची. मूळ विधाने प्रथमपुरुषी आहेत आणि मराठीत ‘मी आधार घेतो’ की ‘मी आधार घेते’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. ‘घेतो/घेते’ असे तिरपी रेघ देऊन लिहिले, तर कमी शिकलेला वाचक प्रत्येक ओळीत अडखळतो. ‘मला आधार घ्यावा लागतो’ असे केल्यास लिंग टळते, पण विधानात सक्ती शिरते. मूळ प्रश्नावलीत एका ठिकाणी ‘कठडा वापरतो’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘धरावे लागते’ असा फरक आहे आणि तो बुजवणे योग्य नाही. त्यामुळे स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी दोन वेगळे कागद छापायचे ठरले. खर्च किरकोळ वाढेल, वाक्य सरळ राहील.

दुसरी गोष्ट ‘पाठ’ आणि ‘कंबर’ यांची. मतांनी निर्णय घेण्याऐवजी मी असा प्रस्ताव ठेवला की दोन्ही शब्दांचे मसुदे उलट भाषांतरासाठी पाठवावेत आणि रुग्णांसमोरही दोन्ही ठेवावेत. उलट भाषांतर नेमके काय पकडते आणि काय पकडत नाही हे आपल्याच मजकुरावर पाहायची ही संधी आहे. सर्वांनी ते मान्य केले.

५ जुलै

उलट भाषांतरे आली. भाषांतरकाराची मातृभाषा मूळ प्रश्नावलीची भाषा असावी, त्याने मूळ मजकूर पाहिलेला नसावा आणि तो वैद्यक क्षेत्रातला नसावा, असा दंडक आहे. इंग्रजी मातृभाषा आणि मराठी उत्तम, अशी माणसे इथे शोधून सापडत नाहीत. जवळचा पर्याय म्हणून परदेशात वाढलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या एका तरुणीने पहिले भाषांतर केले आणि इंग्रजीतच शिक्षण व नोकरी झालेल्या एका निवृत्त गृहस्थांनी दुसरे. दंडकाशी झालेली ही तडजोड अहवालात स्पष्ट लिहायची आहे.

मूळ मजकुराशी ओळीने ताडून पाहिले. ‘पाठ’ असलेला मसुदा जवळजवळ शब्दशः मूळावर परत गेला. ‘कंबर’ असलेल्या मसुद्यात दोन्ही भाषांतरकारांनी ‘वेस्ट’ हा शब्द वापरला, जो मूळात कुठेही नाही. जिना, कठडा, आरामखुर्ची, मोजे ही विधाने दोन्ही मसुद्यांत अचूक परतली. केवळ या ताळ्यावर निकाल द्यायचा, तर ‘पाठ’ पसंत आणि ‘कंबर’ नापसंत असाच द्यावा लागेल.

१२ जुलै

तज्ज्ञ समितीची पहिली बैठक. भाषांतरकार, एक अस्थिरोगतज्ज्ञ, एक संख्याशास्त्रज्ञ, मराठीच्या एक प्राध्यापिका आणि आम्ही. समितीने चार प्रकारची समतुल्यता तपासायची असते : अर्थाची, वाक्प्रचाराची, अनुभवाची आणि संकल्पनेची. पहिल्या दोहोंचा विचार कागद समोर ठेवून करता येतो. उरलेल्या दोहोंचा करता येत नाही, कारण त्यासाठी उत्तर देणारा माणूस कसा राहतो हे पाहावे लागते. म्हणून पूर्वचाचणीची मुलाखत कशी घ्यायची यावरच बैठकीचा बराच वेळ दिला.

ठरले ते असे. रुग्ण आधी प्रश्नावली नेहमीप्रमाणे भरेल. वाचता येत नसेल तर आम्ही वाचून दाखवू. त्यानंतर प्रत्येक विधान पुन्हा घेऊन दोनच गोष्टी विचारायच्या : ‘हे वाक्य तुमच्या शब्दांत सांगा’ आणि ‘उत्तर देताना तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं?’ ‘समजलं का?’ असे विचारायचे नाही, कारण त्यावर सगळेच मान डोलावतात. होकारी उत्तरांइतकीच चौकशी नकारी उत्तरांचीही करायची, हा नियम संख्याशास्त्रज्ञ सरांनी आग्रहाने घालून घेतला. रुग्ण ‘नाही’ म्हणाला की मुलाखतकार सुटका झाल्यासारखा पुढच्या विधानाकडे जातो आणि नकार कशामुळे आला हे कधीच कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

२९ जुलै

मुलाखती सुरू झाल्या. रुग्णांचे दोन गट मुद्दाम घेतले आहेत : शहरातल्या बाह्यरुग्ण विभागात येणारे आणि आमच्या ग्रामीण केंद्रावर येणारे, ज्यांत शेतमजूर, ऊसतोडीला जाणारे आणि घरकाम करणाऱ्या बायका बहुसंख्य आहेत.

‘पाठ’ विरुद्ध ‘कंबर’ हा प्रश्न पहिल्याच काही मुलाखतींत निकालात निघाला. ग्रामीण केंद्रावर एक मावशी आल्या होत्या. दुखणे कमरेच्या खालच्या मणक्यात, उठताना दोन्ही हात मांडीवर टेकून, तोंड वाकडे करत उठत होत्या. ‘पाठीमुळे मी नेहमीपेक्षा हळू चालते’ हे वाचून दाखवल्यावर त्यांनी नाही म्हटले. त्यापुढच्या विधानालाही नाही, त्यापुढच्यालाही नाही. डोळ्यांसमोर काय आले असे विचारल्यावर त्यांनी हात मागे नेऊन खांद्याच्या फऱ्यांमध्ये टेकवला आणि म्हणाल्या, ‘‘पाठ न्हाय ओ दुखत मॅडम. कंबार धरलीया.’’

त्यांच्या पाठीबद्दल त्यांनी दिलेले प्रत्येक उत्तर खरे होते. कंबरदुखीने बेजार झालेल्या बाईंचे गुण मात्र शून्याकडे चालले होते. ‘कंबर’ असलेला कागद वाचून दाखवताच त्याच विधानांना होकार येऊ लागले. असे करणाऱ्या त्या एकट्या नाहीत. शहरातल्या शिकलेल्या रुग्णांत मात्र ‘पाठ’ शब्दाने क्वचितच घोटाळा होतो, कारण ‘पाठदुखी’ म्हणजे ‘बॅकपेन’ हे समीकरण त्यांच्या कानांवरून गेलेले असते. उलट भाषांतर करणारे दोघेही याच वर्गातले होते, म्हणून ‘पाठ’ हा शब्द त्यांच्या हातून बिनबोभाट परत गेला.

निर्णय : सर्वत्र ‘कंबरेच्या त्रासामुळे’. मूळ प्रश्नावलीत काही विधानांत स्पष्टपणे वेदनेचा उल्लेख आहे, तिथे ‘कंबरदुखीमुळे’. दोन्ही प्रकार मूळाप्रमाणे वेगळे राहतील.

२ ऑगस्ट

आणखी एक दोष हाती लागला आणि तो जास्त चिंतेचा आहे, कारण तो मजकुरात न राहता उत्तर नोंदवणाऱ्याच्या पेनात राहतो.

चौथ्या विधानाचा अर्थ असा आहे की, घरातली जी कामे मी एरवी करते, त्यांपैकी कोणतेही काम सध्या करत नाही. विधान नकारार्थी आहे, आणि ते खरे असेल तर एक गुण मिळतो. आमच्या विद्यार्थिनीने एका आजींना ते वाचून दाखवले आणि विचारले, ‘‘हो की नाही?’’ आजी म्हणाल्या, ‘‘न्हाय. काय करतीय मी, सगळं सूनच बघतीया.’’ विद्यार्थिनीने ‘नाही’च्या रकान्यात खूण केली. मी शेजारी बसलो होतो. आजींना पुन्हा विचारले, ‘‘म्हणजे हे वाक्य तुमच्याबाबत खरं आहे?’’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘‘खरं हाय की. तेच सांगतीया.’’

मराठीत नकारार्थी वाक्याला दुजोरा देताना आपण ‘नाही’च म्हणतो. ‘जेवला नाहीस ना?’ याला ‘नाही’ हे सहमतीचे उत्तर आहे. मूळ प्रश्नावलीत खूण करायची किंवा कोरे सोडायचे एवढेच असल्याने हा पेच उद्भवत नाही. वाचून दाखवण्याच्या सोयीसाठी आमच्या कागदावर ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन रकाने कधीतरी आले आणि त्यांच्याबरोबर हा पेच आला. भूक चांगली लागत नाही, हे पंधरावे विधानही तसेच आहे. तिथेही नोंदी तपासल्यावर तोच प्रकार आढळला.

उपाय दोन केले. ही दोन विधाने अर्थ न बदलता होकारार्थी बांधली : ‘कंबरेच्या त्रासामुळे घरातली माझी नेहमीची सगळी कामे बंद आहेत’ आणि ‘कंबरदुखीमुळे माझी भूक मंदावली आहे’. शिवाय रकान्यांची नावे ‘हो’ आणि ‘नाही’ ऐवजी ‘खरे आहे’ आणि ‘खरे नाही’ अशी केली. ‘लागू आहे’ आणि ‘लागू नाही’ हा पर्यायही सुचला होता, पण ‘लागू नाही’ याचे दोन अर्थ होतात आणि त्या दुसऱ्या अर्थाचाच प्रश्न आता पुढे उभा आहे.

९ ऑगस्ट

नकारांची चौकशी करण्याच्या नियमातून जे बाहेर येते आहे, तो या प्रकल्पातला सगळ्यांत मोठा मुद्दा ठरेल असे दिसते.

पाच विधाने अशी आहेत की जी विशिष्ट प्रकारचे घर गृहीत धरतात. पाचवे, जिना चढताना कठड्याचा आधार घेण्याविषयी. सातवे, आरामखुर्चीतून उठताना काहीतरी धरावे लागण्याविषयी. बारावे, खुर्चीतून उठायला त्रास होण्याविषयी. सोळावे, मोजे घालताना त्रास होण्याविषयी. तेविसावे, जिना नेहमीपेक्षा हळू चढण्याविषयी. वस्तीवर बसक्या घरात राहणाऱ्या, जमिनीवर बसणाऱ्या आणि चपला वापरणाऱ्या माणसाचे पाचही विधानांना उत्तर ‘नाही’ येते. डोळ्यांसमोर काय आले असे विचारल्यावर ‘‘आमच्यात जिनाच न्हाय’’, ‘‘मोजं कोण घालतंय’’ अशी उत्तरे मिळतात. हा नकार ‘मला त्रास नाही’ असा नसून ‘माझ्यावर तो प्रसंगच येत नाही’ असा आहे. गुणांकनाला दोन्ही सारखेच, म्हणजे शून्य.

याचा हिशेब करून पाहू. पाचही प्रसंग ज्याच्या आयुष्यात नाहीत त्याचे कमाल गुण २४ ऐवजी १९ होतात. समजा, सारख्याच त्रासाच्या दोन बायका आहेत. शहरात दुसऱ्या मजल्यावर राहणारीचे गुण १६ येतात आणि त्यांत ही पाचही विधाने धरलेली आहेत. वस्तीवर राहणारीचे तेवढ्याच त्रासाला ११ येतील. या प्रश्नावलीवर साधारण ५ गुणांचा, किंवा सुरुवातीच्या गुणांच्या ३० टक्के, एवढा फरक पडला की रुग्णाला जाणवण्याजोगी सुधारणा झाली असे धरावे, अशी २००८ मधली एक मान्यताप्राप्त शिफारस आहे. म्हणजे केवळ घराच्या बांधणीमुळे पडलेला फरक उपचाराने झालेल्या सुधारणेएवढा असू शकतो. ग्रामीण रुग्णांना ‘सौम्य त्रास’ या गटात ढकलून त्यांच्यावर उपचारांची निवड झाली असेल, तर ती या पाच ओळींमुळेही झालेली असू शकते, आणि ही गोष्ट मला फार लागते.

पाचही विधाने उलट भाषांतरात निर्दोष ठरली होती. ती ठरणारच, कारण ‘जिना’ या शब्दात काही खोट नाही.

आजपासून मुलाखतीच्या कागदावर तिसरा रकाना घातला : ‘असा प्रसंग येत नाही’. गुणांत तो शून्यच धरायचा, पण त्याची नोंद वेगळी ठेवायची.

१७ ऑगस्ट

‘नेहमीपेक्षा’ या शब्दाबद्दल थोडे. पाच-सहा वर्षे कंबरदुखी असलेला रुग्ण ‘नेहमीपेक्षा हळू चालतो’ याला नकार देतो, कारण हळू चालणे हीच त्याची नेहमीची चाल झाली आहे. मूळ इंग्रजीतही ही संदिग्धता आहे, मात्र मराठीत ‘नेहमी’चा अर्थ ‘रोज’ याकडे जास्त झुकतो. समितीसमोर ‘पूर्वीपेक्षा’ हा शब्द ठेवणार आहे. ‘दुखणे सुरू होण्याआधीपेक्षा’ हे जास्त स्पष्ट आहे, पण दर वाक्यात ते वाचताना वाक्य फार लांबते.

‘आज’ या सूचनेकडेही कोणी लक्ष देत नाही. बहुतेक जण ‘हल्ली’चे सांगतात. प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘आजच्या दिवसाबद्दल सांगा’ हे ठळक छापायचे आणि वाचून दाखवणाऱ्याने दर पाच-सहा विधानांनंतर ते पुन्हा म्हणायचे.

२६ ऑगस्ट

समितीची दुसरी बैठक. जवळपास सगळा वेळ त्या पाच विधानांवर गेला.

अस्थिरोगतज्ज्ञ सरांचे म्हणणे होते की विधाने बदलू नयेत, नाहीतर परदेशी अभ्यासांशी तुलना करता येणार नाही. मराठीच्या प्राध्यापिका म्हणाल्या, की ज्या विधानाला उत्तर देणाऱ्याच्या आयुष्यात आधारच नाही ते राखल्याने तुलना होते असे म्हणणे हीच मुळात फसगत आहे. मला दोघांचेही पटत होते. म्हणून असा मध्यम मार्ग धरला : मूळ प्रसंग काढायचा नाही, तर त्याच्या शेजारी शरीराची तीच हालचाल आणि तेवढीच मेहनत लागणारा आपल्याकडचा प्रसंग ‘किंवा’ने जोडायचा. हालचाल तीच, पण मेहनत जास्त असेल, तर तो पर्याय नाकारायचा. ही कसोटी लिहून ठेवल्यावर चर्चा सोपी झाली.

आरामखुर्चीला सर्वांच्या मनात पहिला पर्याय ‘जमिनीवरून उठणे’ हा आला. तो नाकारला. जमिनीवरून उठणे हे खुर्चीतून उठण्यापेक्षा पुष्कळ कठीण आहे. शिवाय साठीपुढच्या रुग्णांत तिथे गुडघे आडवे येतात आणि ‘कंबरेच्या त्रासामुळे’ हा विधानाचा कणाच मोडतो. मुलाखतींत हे दिसलेच होते : जमिनीवरून उठताना भिंत धरणाऱ्या कित्येकांनी कारण विचारल्यावर गुडघ्यावर हात ठेवला. आरामखुर्ची बसकी असते, तिच्यात माणूस रुततो आणि उठताना पुढे झुकून कंबरेवर जोर द्यावा लागतो. ग्रामीण घरात असे आसन म्हणजे बाज. सुंभाची किंवा नवारीची विणलेली बाज मध्ये खोल जाते, काठावर बसले तरी माणूस मागे कलतो. मॅडमनी हे सुचवताच एकमत झाले. सातवे विधान ‘आरामखुर्चीतून किंवा बाजेवरून उठताना कशाला तरी धरावे लागते’ असे झाले. बाराव्या विधानात साध्या खुर्चीशेजारी ‘खुर्चीवरून किंवा कॉटवरून’ असे घातले, कारण लोखंडी कॉटची उंची खुर्चीच्या जवळपास असते आणि तिचा काठ कडक असतो.

जिन्यासाठी एका विद्यार्थ्याने एसटीच्या पायऱ्या सुचवल्या. वस्तीवरचा प्रत्येक रुग्ण एसटीने येतो, त्यामुळे प्रसंग सर्वांचा आहे. पण एसटीची पहिली पायरी इतकी उंच असते की धडधाकट माणूसही दांडा धरूनच चढतो. कंबर दुखत असो वा नसो, उत्तर होकारच येईल आणि विधान काहीच वेगळे करून दाखवणार नाही. त्याऐवजी ‘जिना’च्या जागी ‘जिना किंवा पायऱ्या’ आणि ‘कठडा’च्या जागी ‘कठडा किंवा भिंत’ असे केले. ओट्याच्या, देवळाच्या, दवाखान्याच्या पायऱ्या सर्वांना चढाव्या लागतात. सलग चढ कमी असतो, हे मान्य. म्हणून दोन्ही पायऱ्यांच्या विधानांवर पुढे विशेष लक्ष ठेवायचे आहे.

मोज्यांशेजारी ‘पायाची नखे कापताना’ हे जोडले. वाकून पावलापर्यंत हात नेणे ही हालचाल दोहोंत आहे. जोडवी घालणे हा पर्याय पुढे आला होता, पण तो फक्त काही स्त्रियांचा आहे आणि ती रोज काढ-घाल होत नाहीत.

आठव्या विधानाचा, म्हणजे आपली कामे दुसऱ्यांकडून करून घेण्याविषयीच्या विधानाचा, प्रश्न मात्र सुटला नाही. सून घरात आल्यावर सासूने काम सोडणे ही काही घरांत रीत असते आणि कंबरेचा तिथे संबंध नसतो. विधान जसेच्या तसे ठेवले. मुलाखतकाराने ‘कंबरेच्या त्रासामुळे’ या शब्दांवर वाचताना जोर द्यावा, एवढीच सूचना जोडली.

६ सप्टेंबर

बदललेल्या विधानांचे पुन्हा उलट भाषांतर करून घेतले. परदेशात वाढलेल्या तरुणीने ‘बाज’ची जागा कोरी सोडून शेजारी प्रश्नचिन्ह केले आहे आणि ‘वेस्ट’ तर सगळीकडे आहेच. समितीने दोन्ही विसंगती कारणांसह नोंदवून स्वीकारल्या. अहवाल वाचणाऱ्या परीक्षकाला त्या खटकतील, म्हणून २९ जुलैच्या मुलाखतींतले निरीक्षण त्या तक्त्याच्या लगतच छापायचे आहे.

उलट भाषांतराचा उपयोग झालाच नाही असे मुळीच नाही. एकविसाव्या विधानात घरातली जड कामे टाळण्याचा उल्लेख आहे. आमच्या मसुद्यात ‘टाळतो’ऐवजी ‘करू शकत नाही’ असे आले होते आणि ते उलट भाषांतरातच लक्षात आले. टाळणे आणि न जमणे या वेगळ्या पायऱ्या आहेत. असा सरकलेला अर्थ पकडायला ही पायरी उत्तम आहे.

२१ सप्टेंबर

नव्या मजकुरावर दुसरी फेरी पूर्ण झाली. या वेळी पूर्णपणे नवे रुग्ण घेतले. ग्रामीण केंद्रावर तिसऱ्या रकान्यातल्या खुणा खुर्ची, बाज आणि नखे या विधानांवर जवळजवळ नाहीशा झाल्या. पायऱ्यांच्या दोन विधानांवर त्या घटल्या, पण उरल्या आहेत. ‘कंबर’बद्दल कोणी अडखळले नाही. नकारार्थी विधानांचा पेच दिसला नाही.

चिडचिडीविषयीचे बाविसावे विधान नातेवाईक शेजारी असताना विचारू नये, हेही याच फेरीत पक्के झाले. सासूसमोर बसलेली सून त्याला हो म्हणत नाही. सासू बाहेर गेली की म्हणते.

३ ऑक्टोबर

मुख्य चाचणीची आखणी. आता प्रश्न असा की नव्या मजकुराचे मोजमाप स्थिर आहे का. त्यासाठी प्रत्येक रुग्णाकडून दोनदा प्रश्नावली भरून घ्यायची. प्रश्नावली ‘आज’चे विचारते आणि कंबरदुखी आठवड्याभरात पालटते, त्यामुळे दोन वेळांमध्ये दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. दुसऱ्या वेळी ‘कंबर तेवढीच आहे, की फरक पडला?’ असे वेगळे विचारून, फरक न पडलेल्यांचीच उत्तरे स्थिरतेसाठी घ्यायची. अशा स्थिर रुग्णांची संख्या किमान ५० तरी हवी.

स्थिरतेचा आकडा कशासाठी लागतो हे विद्यार्थ्यांना नीट कळावे म्हणून एक काल्पनिक हिशेब त्यांच्याकडून करवून घेतला. गुणांचे प्रमाण विचलन ५ आणि स्थिरतेचा सहसंबंध ०.९० धरला, तर मापनातली प्रमाण त्रुटी येते ५ × √०.१० म्हणजे सुमारे १.५८. ती १.९६ आणि √२ यांनी गुणली की सुमारे ४.४. म्हणजे एका रुग्णाचे गुण ५ ने उतरले, तर तो बदल मोजमापाच्या चढउतारापलीकडचा आहे असे म्हणता येते. सहसंबंध ०.८० वर घसरला की हीच मर्यादा ६.२ होते. मग ५ गुणांची सुधारणा खरी की मोजण्यातली, हे एका रुग्णापुरते सांगता येणार नाही.

अंतर्गत सुसंगतीचा आकडा काढायचा आहे, पण त्यावर भिस्त ठेवायची नाही, हेही लिहून ठेवतो. पायऱ्यांची दोन विधाने एकमेकांशी जुळतील, कारण ज्याच्या घरी जिना आहे तो दोहोंना उत्तर देतो आणि ज्याच्या घरी नाही तो दोन्ही सोडतो. त्या जुळण्याने आकडा वाढेल आणि त्यात कंबरेचा वाटा किती हे कळणार नाही. त्याऐवजी एकूण गुण सारखे असलेले शहरी आणि ग्रामीण रुग्ण घेऊन, एकेका विधानाला होकार देण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखे आहे का ते पाहायचे. सातवे, सोळावे आणि पायऱ्यांची दोन्ही विधाने इथे कशी वागतात यावर आमच्या पर्यायांचा खरा निकाल लागेल.

तिसरा रकाना मुख्य चाचणीतही राहील. अधिकृत गुण मूळ रीतीनेच, शून्य ते २४. त्याशेजारी दुसरा आकडा लिहायचा, ज्यात प्रसंग न येणारी विधाने वगळून उरलेल्यांच्या प्रमाणात गुण काढलेले असतील. उदाहरणार्थ, १९ विधाने लागू असून १२ खरी असतील, तर १२ ÷ १९ × २४ म्हणजे १५.२. दोन आकड्यांतले अंतर ग्रामीण गटात सरासरी २ गुणांहून जास्त राहिले, तर पायऱ्यांची विधाने समितीकडे परत जातील. ही मर्यादा आज, आकडे हाती येण्याआधी, सर्वांच्या सहीने नोंदवली आहे.